सोंगणीच्या दिवसांत सूतगिरणी रिकामी का होते? एचआरमधल्या चार वाटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यांतली पदवीची मुलंमुली मला एचआरबद्दल विचारतात, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यासमोर टाइम ऑफिस असतं. मस्टर, पीएफचे फॉर्म, गेटपास. ते काम आहेच. पण भरती, प्रशिक्षण, कामगार संबंध आणि मनुष्यबळाच्या आकडेवारीचं विश्लेषण या चार वाटा त्यापलीकडे जातात. त्या नुसत्या व्याख्यांनी कळत नाहीत, म्हणून इथे एकच प्रश्न घेऊन चौघं त्याकडे कसं पाहतात ते सांगितलं आहे. गिरणी आणि तिचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रकार मात्र आपल्या भागात दर वर्षी दिसणारा आहे.

नेमका प्रश्न कोणता धरला आहे?

कापूस पट्ट्यातली एक सूतगिरणी, ४२० कामगार, तीन पाळ्या. सूत कातायच्या यंत्रांच्या, म्हणजे रिंग फ्रेम खात्यात १२० जण, पाळीमागे ४०. जुलैत या खात्याची गैरहजेरी ७ टक्के असते आणि ऑक्टोबरमध्ये ती १६ टक्क्यांवर जाते. सर्वांत वाईट दिवशी १२० पैकी ३१ जण आले नाहीत आणि त्यातले १५ एकट्या रात्रपाळीतले होते.

रिंग फ्रेमवर माणूस कमी पडला की काय होतं ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं कागदी वाटेल. चात्यांवर सूत कातताना धागे तुटतच असतात. सायडर आपल्या बाजूवर फेऱ्या मारत ते सांधत जातो. माणसं कमी असली की एकाला जास्त बाजू सांभाळाव्या लागतात. तुटलेला धागा बराच वेळ तसाच राहतो, तोवरचा कापूस शोषनळीत जाऊन वाया जातो, आणि शेवटी दोन-चार फ्रेम बंद ठेवाव्या लागतात. म्हणून मॅनेजर रात्री अकराला फोन करून विचारतो, "माणसं कुठायत?" या प्रश्नाला चार वेगवेगळी उत्तरं आहेत.

आकडेवारीवाला माणूस यात नेमकं करतो काय? तो तर बसून एक्सेलच पाहणार ना?

पाहतो, पण काय शोधायचं ते ठरवून. सुरुवात साध्या मस्टरपासून होते. प्रत्येक कामगाराची एक ओळ, कामाच्या प्रत्येक दिवसाचा एक रकाना, हजर असेल तर "P", गैरहजर असेल तर "A". २६ दिवस डी पासून एसी पर्यंतच्या रकान्यांत असतील, तर गैरहजेरीचं प्रमाण असं निघतं:

```
=COUNTIF(D2:AC2,"A")/COUNTA(D2:AC2)
```

आता खातं पाहू. १२० कामगार, २६ दिवस, म्हणजे ३,१२० मनुष्यदिवस. ऑक्टोबरमध्ये त्यातले ४९९ बुडाले, म्हणजे १६ टक्के. इथे थांबणारा माणूस कारकून. विश्लेषक हा आकडा फोडतो. पाळीने फोडला की रात्रपाळी जरा जास्त दिसते, पण त्याने सगळा उलगडा होत नाही. वयाने फोडला तर काहीच हाती लागत नाही. गावाने फोडला की चित्र उघडतं.

या १२० पैकी ४५ जण एकमेकांना लागून असलेल्या तीन गावांतले आहेत. त्यांचे १,१७० मनुष्यदिवस, त्यात बुडालेले ३०४, म्हणजे २६ टक्के. उरलेल्या ७५ जणांचे १,९५० दिवस, बुडाले १९५, म्हणजे १० टक्के. मग तो जुलै तपासतो. तिथे दोन्ही गट ७ टक्क्यांवर. ही तुलना फार मोलाची आहे. तीन गावांतली माणसं आळशी असती तर जुलैतही तसंच दिसलं असतं. पण ऑक्टोबरमध्येच फरक पडतो, आणि त्या ३०४ पैकी बहुतेक दिवस ५ ते २० तारखेच्या दरम्यानचे आहेत. म्हणजे सोयाबीनची सोंगणी.

एवढं सोपं असेल तर चुकतं कुठे?

मस्टरमध्येच. मंजूर रजा घेतलेल्या माणसालाही टाइम ऑफिसने "A" मारलं असेल तर गैरहजेरी फुगते. अक्षरानंतर चुकून मोकळी जागा पडली तर वरचं सूत्र तो दिवस गैरहजर म्हणून मोजतच नाही. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे बोटांचे ठसे. कापूस वेचून, विळा धरून बोटं खरबरीत झालेली असतात. यंत्र ठसा घेत नाही, आणि आठ तास उभं राहून काम केलेली बाई कागदावर गैरहजर दिसते. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो, हिशेब सुरू करण्याआधी एक दिवस गेटवर उभे राहा आणि किती जणांचा ठसा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी लागतो ते मोजा.

ब्रॅडफर्ड गुण म्हणजे काय? मुलाखतीत विचारतात.

गैरहजेरीच्या वेळांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला एकूण दिवसांनी गुणायचं. सोंगणीसाठी सलग ९ दिवस न आलेल्याचे गुण १ × १ × ९ = ९. सहा वेगवेगळ्या दिवशी एकेक खाडा करणाऱ्याचे ६ × ६ × ६ = २१६. दिवस कमी, तरी गुण चोवीस पट. यामागचा विचार असा, की सुटे खाडे कामाची घडी जास्त विस्कटतात, कारण त्यांची आधी कल्पना नसते.

आमच्या प्रश्नात हे उपयोगी पडतं, कारण दोन जातीची गैरहजेरी वेगळी काढता येते. सलग गेलेले लोक शेतात गेले. सुटे खाडे करणाऱ्यांची कारणं वेगळी असतात: आठवडी बाजार, एसटी चुकणं, घरात आजारी मूल. पण या गुणावर कोणाला शिक्षा करायची नसते. लहान लेकराची आई या मोजमापात सर्वांत वाईट दिसते, आणि तिचा दोष काहीच नसतो. गुण पाहून फक्त विचारायला जायचं.

मग भरतीचा यात काय संबंध? माणसं तर आधीच कामावर आहेत.

संबंध मुळाशी आहे. तीन गावांतले ४५ जण एकाच खात्यात आले कसे? बहुधा असं होतं: एका मोसमात माणसं तातडीने हवी होती, एका जॉबरला सांगितलं, त्याने भाऊबंद आणि सोयरे आणले. एका आठवड्यात जागा भरल्या, सगळे खूश. पण ज्यांची शेतं शेजारीशेजारी आहेत, त्यांचं पीक एकाच वेळी कापणीला येतं. त्यांच्या घरचं लग्नही एकच आणि मयतही एकच. त्या दिवशीच्या भरतीने ऑक्टोबरची गैरहजेरी आधीच लिहून ठेवली होती.

चांगला भरतीवाला जागा भरली की काम संपलं असं मानत नाही. तो वहीत लिहितो, की कोणत्या मार्गाने आलेले किती जण ९० दिवसांनंतरही टिकले. जॉबरकडून आलेले, आयटीआयमधून आलेले, फाटकावर फलक वाचून आलेले. शंभरात साठ टिकवणारा मार्ग महिनाभर जास्त वेळ घेत असला तरी स्वस्त पडतो. कारण नवा माणूस शिकवून तयार केला आणि तो गेला, की शिकवणाऱ्याचा वेळही गेला.

दुसरी गोष्ट, मुलाखतीतच खरं काम दाखवणं. रिंग फ्रेम खात्यात दमट हवा मुद्दाम राखतात, आवाज असतो, पाळीभर चालणं असतं. उमेदवाराला अर्धा तास आत फिरवून आणा. काही जण तिथूनच नाही म्हणतील. ते नाही म्हणणं दहाव्या दिवशी पळून जाण्यापेक्षा कितीतरी बरं. उमेदवाराला शेत किती आणि पीक कोणतं हेही मोकळेपणाने विचारावं, आणि रजेचं नियोजन करायला विचारतो आहोत हे त्याच वेळी सांगावं. नाहीतर तो खोटं सांगेल. जात, लग्न, मूल कधी होणार, हे विचारायचं नाही.

मॅनेजर म्हणाला, "त्या तीन गावांतून यापुढे घेऊच नका." एचआरने काय उत्तर द्यावं?

नाही म्हणावं, आणि जुलैचा तक्ता समोर ठेवावा. वर्षातले बहुतेक महिने ही माणसं इतरांइतकीच नेमाने येतात. गावावरून माणूस नाकारणं अन्यायाचं आहेच, पण गिरणीच्या फायद्याचंही नाही. दुसरं गाव घेतलं तर त्याचा मोसम वेगळा निघेल, एवढंच. गडचिरोलीकडे मेमध्ये तेंदूपत्ता असतो, आपल्याकडे पुढे कापूस वेचणी असते. उपाय असा, की नवी भरती विखरून करायची, म्हणजे एका पाळीत एकाच शिवारातले फार लोक नकोत. आणि जे आहेत त्यांच्याशी बोलायचं. तिथून कामगार संबंधांचं काम सुरू होतं.

कामगार संबंध म्हणजे युनियनशी भांडण, असं ऐकलं. खरं आहे का?

भांडण होऊ नये म्हणून आधी करायच्या कामाचं ते नाव आहे, आणि माझ्या मते चारही वाटांतली ही सर्वांत अवघड. इथे कायदा पाठ असावा लागतो आणि माणूसही वाचता यावा लागतो.

कायद्याची बाजू आधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि स्थायी आदेशांचा कायदा औद्योगिक संबंध संहितेत आले. स्थायी आदेश म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी ते लागतात, म्हणजे आमच्या ४२० जणांच्या गिरणीलाही. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे असतात. या नोकरीला जाताना संहिता आणि महाराष्ट्राचे त्याखालचे नियम दोन्ही वाचून जा. जुन्या नोट्सवर भिस्त ठेवू नका.

सूचना न देता बरेच दिवस गैरहजर राहणं हे गैरवर्तन मानलं जातं. पण म्हणून फाटकावरून हाकलता येत नाही. आधी लेखी आरोपपत्र, मग खुलाशाला वेळ, मग चौकशी. चौकशीत कामगाराला आपली बाजू मांडायची, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायची संधी मिळाली पाहिजे. चौकशीपुरतं निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो आणि त्यानंतर, विलंब कामगारामुळे नसेल तर, ७५ टक्के. यातली पायरी चुकली की प्रकरण न्यायालयात पडतं आणि वर्षानुवर्षं चालतं.

आता माणसांची बाजू. ऑक्टोबरमध्ये सुपरवायझर रजेचा अर्ज फाडतो. कामगार दुसऱ्या दिवशी न सांगताच शेतात जातो आणि परत आल्यावर "सासू आजारी होती" म्हणतो. दोघांनाही ठाऊक असतं की हे खोटं आहे. मी एका तरुण सायडरला एकदा सरळ विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, शेंगा फुटून राह्यल्या वावरात. मी इथं धागे जोडू का तिथं दाणे वेचू?" त्याचं म्हणणं रास्त होतं. पिकलेलं सोयाबीन उभं राहिलं की शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. वर्षाची मिळकत चार दिवसांवर येते. पगार कापण्याची धमकी त्याच्यापुढे काहीच नाही.

मग तोडगा काय निघाला?

आधी ठरवलेली सोंगणीची रजा. कामगार संबंधवाला ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आसपास, ४५ जणांशी बसतो. प्रत्येकाने पेरणी कधी केली आणि वाण कोणता, हे विचारतो. आधी पेरलेल्यांची पहिली तुकडी, मग दुसरी, मग तिसरी. १५-१५ जणांच्या तीन तुकड्या, प्रत्येकाला ६ दिवस. दर २० दिवसांच्या कामामागे १ पगारी रजा मिळते, म्हणजे २४० दिवस भरलेल्याकडे १२ रजा असतात. त्यातल्या ६ इथे वापरल्या तर पगारही जात नाही.

हिशेब करून पाहा. ४५ जणांचे ६ दिवस म्हणजे २७०. आधी ३०४ बुडत होते. एकूण आकडा फारसा उतरला नाही, आणि हे मालकाला पहिल्यांदा पटत नाही. फरक दुसरीकडे आहे. तिन्ही पाळ्यांत मिळून या गावांतले रोज १५ जण नसतील, पाळीमागे ५. त्यात इतरांचे नेहमीचे दोन-तीन खाडे धरा. रात्रपाळीत अचानक १५ नसण्याच्या जागी ७-८ नसतील, आणि त्यातले ५ कोण हे महिनाभर आधीच माहीत असेल.

पाऊस आला की हे वेळापत्रक मोडतं, हेही सांगून ठेवतो. परतीच्या पावसाने सोंगणी पुढे ढकलली तर पहिली तुकडी आणि दुसरी एकावर एक येतात. म्हणून तुकड्या बदलायचा अधिकार त्यांच्यातल्याच एकाला आणि खात्याच्या मास्तरला मिळून द्यावा. सगळं वर विचारत बसलं तर पुन्हा सासू आजारी पडते.

पाळीमागे ते ५ जण नसताना मशीन कोण चालवणार?

हे प्रशिक्षणवाल्याचं उत्तर. वाइंडिंग खात्यातल्या लोकांपैकी पाळीमागे ६ जणांना रिंग फ्रेमचं काम शिकवायचं. पाचांची गरज, एक जास्तीचा. जूनमध्ये सुरुवात केली तर ऑक्टोबरपर्यंत हात बसतो.

इथे वर्गात बसवून चित्रं दाखवली आणि शेवटी "प्रशिक्षण कसं वाटलं" असा फॉर्म भरून घेतला, तर हाती काही येत नाही. अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामावर वापरतात का, आणि त्याने कामाच्या निकालात फरक पडला का. बहुतेक कंपन्या पहिल्या पायरीवरच थांबतात. आमच्या उदाहरणात चारही मोजता येतात. दहा तुटलेले धागे सांधायला किती सेकंद लागले हे घड्याळ लावून पाहायचं, आणि सांधलेल्यांतले किती लगेच पुन्हा तुटले तेही लिहायचं, कारण घाईत सांधा कच्चा राहतो. मग ऑक्टोबरमध्ये किती फ्रेम बंद राहिल्या, ही शेवटची पायरी.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. शिकलेलं वापरलं नाही तर हात विसरतो, म्हणून पंधरवड्यातून एक दिवस त्यांना रिंग फ्रेमवर लावलंच पाहिजे. आणि त्या दिवसाचा दर रिंग फ्रेमचा मिळाला पाहिजे. तो नाही मिळाला तर दुसऱ्या वर्षी एकही जण शिकायला हात वर करत नाही, आणि प्रशिक्षणवाल्याला वाटतं की आपलं शिकवणं चुकलं.

यातलं माझ्यासाठी कोणतं? शिक्षण काय लागतं?

भरतीत सर्वांत लवकर शिरकाव होतो. एमबीए असलं तर बरं, पण बुटीबोरीसारख्या औद्योगिक भागात मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सींकडे साध्या पदवीवरही सुरुवात होते. दिवसभर फोन, नकार, पुन्हा फोन. आकड्यांचं दडपण महिन्यागणिक असतं. ज्याला नकार मनाला लावून घ्यायची सवय आहे त्याने विचार करावा.

कामगार संबंधांसाठी एमएसडब्ल्यू किंवा कामगार कायद्याची पदविका उपयोगी. एलएलबी जोडलं तर वजन वाढतं. २५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागतो, तीही या वाटेवरची जागा. खेड्यातून आलेल्यांना इथे खरा फायदा आहे. सोंगणी, वेचणी, पोळा, बचत गटाच्या हप्त्याचा दिवस हे तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. पुण्यामुंबईहून आलेल्या अधिकाऱ्याला ते समजायला दोन वर्षं जातात.

प्रशिक्षणाला आधी ते काम स्वतः करता येणं किंवा निदान जवळून पाहिलेलं असणं लागतं. थेट पदवीवरून कोणी प्रशिक्षक होत नाही, झाला तर कामगार ऐकत नाहीत.

विश्लेषणाच्या स्वतंत्र जागा मोठ्या कंपन्यांत, मुख्यतः शहरांत. गावातल्या गिरणीत या नावाचं पद सापडणार नाही. पण टाइम ऑफिसमध्ये बसून वरचा गावनिहाय तक्ता तुम्ही करू शकता, आणि तो तक्ताच पुढच्या मुलाखतीत दाखवायची गोष्ट असते. दाखवताना नावं आणि टोकन नंबर काढून टाका. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे दाखवूही नका. "त्या गावातल्या तीन बाया" म्हटलं की गावाला त्या कोण हे कळतंच.

नोकरी नाही, गिरणीत ओळख नाही. सराव कुठे करू?

गावातल्या बचत गटाचं हजेरी रजिस्टर मागा, परवानगीने. बारा महिन्यांच्या बैठका आणि वीस बाया एवढी माहिती पुरते. कोणत्या महिन्यात हजेरी पडते ते काढा, मग कारण काय असेल ते आपल्या मनाने लिहा. त्यानंतर चार जणींकडे जाऊन विचारा. तुम्ही लिहिलेलं कारण आणि त्यांनी सांगितलेलं कारण यांत बहुतेक वेळा फरक निघतो. तुम्ही "वेचणी" लिहिलेलं असतं आणि त्या म्हणतात, बैठक दुपारी दोनला ठेवता, तेव्हा नळाला पाणी येतं.